स्टारबोर्ड म्हणजे ‘उजवीकडे वळ’ नव्हे

ग्वाल्हेरजवळच्या तिघऱ्याच्या धरणावर शनिवारी दुपारी बारा नंबरची होडी उलटली, ती माझ्यामुळे. असं कुणीच म्हणालं नाही. उलटलेल्या मुलाची आजी तर मलाच चहा पाजत होती. पण सकाळी साडेआठ वाजता त्या पोराला मी काय सांगितलं होतं ते मला ठाऊक आहे, आणि दुपारी त्याने अगदी तेच केलं.

एका शाळेची शनिवार-रविवारची शिडाच्या होड्यांची शर्यत होती. ग्वाल्हेरात शिडं म्हटलं की लोक नुसतेच बघत राहतात. आमच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमधून तर समुद्र पाहिलेली माणसं मोजकीच. होड्या बाहेरून ट्रकवर आणलेल्या, पोरं बहुतेक नवशिकी, आणि ‘जरा समजावून सांगणारं कुणीतरी’ हवं होतं म्हणून मला बोलावलेलं. माझी पात्रता एवढीच की कॉलेजात असताना मी एनसीसीच्या नौदल शाखेत होते आणि खडकवासल्याच्या पाण्यावर निळ्या शिडांच्या एंटरप्राइझ होड्या पुष्कळ वेळा सरळ चालवल्या होत्या, काही वेळा आडव्या. (पाणी आपोआप सोडणारे विश्वेश्वरय्यांचे दरवाजे आधी १९०३ साली खडकवासल्याला बसले आणि मग आमच्या तिघऱ्याला, त्यामुळे हे दोन्ही जलाशय मला उगाचच चुलतभाऊ वाटतात.)

पोरांच्या होड्या होत्या ऑप्टिमिस्ट. लांबी सव्वादोन मीटरच्या जरा वर, वजन ३५ किलो, नाक बोथट, एकच शीड. लांबून पाहिलं तर कुणी कपडे धुवायच्या टबात चादर उभी केली आहे असं वाटतं. १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने ही होडी आखली ती प्लायवुडच्या दोन पत्र्यांत बसावी अशी. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं यात एकेकटी बसतात. म्हणजे चुकलं तर शेजारी ओरडायलाही कुणी नाही.

सकाळी काठावर वीसेक पोरं, त्यांच्यामागे आईबाप, आणि आईबापांच्या मागे घडीच्या खुर्चीवर बारा नंबरवाल्याची आजी. मी वारा कसा ओळखायचा इथून सुरुवात केली. वायव्येकडून बरा वारा होता, ८-१० नॉट, म्हणजे तासाला १५ ते १९ किलोमीटर. ‘विंडवर्ड’ म्हणजे ज्या बाजूने वारा येतो ती बाजू, ‘लीवर्ड’ म्हणजे ज्या बाजूला तो जातो ती. पोरांनी वहीत लिहून घेतलं. आणि पाच मिनिटांनी विचारलं तर निम्म्यांनी उलटं सांगितलं, कारण ‘विंडवर्ड’ ऐकून त्यांना वाटलं, वारा जिकडे चाललाय तिकडे.

तिथे आजी कामी आल्या. त्यांचं माहेर भिंडकडच्या एका गावातलं, घरची शेती. त्या मागूनच म्हणाल्या, “अगं, उफणताना सुपातून दाणे पडतात कुठे आणि भुसा पडतो कुठे, ते विचार त्यांना. भुसा पडतो ते तुझं लीवर्ड.” मग म्हणाल्या, “आणि शहाणी बाई भुशाच्या बाजूला उभी राहत नाही.” मी ते तसंच्या तसं हिंदीत सांगितलं. उफणणं एकाही पोराने पाहिलेलं नव्हतं, पण तोंडावर भुसा उडणं सगळ्यांना कळलं. होडीत बसायचं कुठे, हेही त्यातच आलं. शीड नेहमी भुशाच्या बाजूला झुकतं, आणि तोल राखायला माणूस बसतो वाऱ्याच्या बाजूला.

“काकू, तुम्हीच घ्या हा वर्ग,” मी म्हटलं.

“मला आधी हे सांग,” त्यांनी समोरच्या नारिंगी फुग्याकडे बोट दाखवलं. फुगा सरळ वाऱ्याच्या तोंडाशी, २०० मीटरवर. “वारा तिकडून इकडे येतोय. मग ही पोरं इकडून तिकडे जाणार कशी?”

हा खरा प्रश्न. सरळ जाता येत नाहीच. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा टप्पा असा असतो की त्यात होडीचं नाक शिरलं की शीड नुसतं फडफडतं, वाळत घातलेल्या धोतरासारखं. पण नाक त्या टप्प्याच्या कडेवर ठेवलं तर शिडात वारा भरतो आणि होडीला तिरपं ढकलतो, थोडं पुढे, बरंचसं आडवं. आडवं जाऊ नये म्हणून होडीच्या पोटातून पाण्यात उभी फळी सोडलेली असते. शीड एका बाजूने दाबतं, फळी दुसऱ्या बाजूने अडवते, आणि ओल्या मुठीतला साबण जसा सटकतो तशी होडी पुढे सटकते. आजींनी मूठ आवळून पाहिली आणि मान हलवली.

मग वर, म्हणजे वाऱ्याकडे, चढायचं ते नागमोडी, घाटासारखं. थोडं डावीकडे तिरपं, मग वळून थोडं उजवीकडे तिरपं. ४५ अंशांनी गेलं तर २०० मीटरवरचा फुगा गाठायला सुमारे २८३ मीटर पाणी कापावं लागतं. गंमत म्हणजे दोन वळणं घ्या नाहीतर दहा, हे अंतर तेवढंच राहतं. फक्त प्रत्येक वळणावर होडीचा वेग मरतो. म्हणून दहा वळणांचा पोरगा दोन वळणांच्या पोरीच्या मागे पडतो आणि आपलं काय चुकलं हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

हे वळण म्हणजे टॅक. होडीचं नाक वाऱ्याच्या आरपार फिरवायचं. सुकाणूचा दांडा आपल्यापासून दूर, शिडाच्या बाजूला ढकलायचा. नाक वाऱ्याकडे वळतं, शीड फडफडतं, आडवी काठी, म्हणजे बूम, डोक्यावरून पलीकडे जाते, आपण तिच्याखालून वाकून पलीकडच्या बाजूला बसायचं. आम्हाला शिकवताना हुकूम असायचे, ‘रेडी अबाउट’ आणि मग ‘ली-ओ’. ली-ओ म्हणजे दांडा लीवर्डला, भुशाच्या बाजूला गेला.

फसतं ते अर्ध्यात. होडीला आधी पुरेसा वेग नसला, किंवा नाक ऐन वाऱ्यात आलं असताना पोराने घाबरून दांडा मधोमध आणला, तर होडी तिथेच थांबते. पुढे नाही, मागे नाही, शीड फडफडतंय. क्षणभराने ती मागे सरकायला लागते आणि सुकाणू उलटं काम करायला लागतं, कारण आता पाणी त्याच्यावर मागून येतं. पोर दांडा जितका जोरात ओढेल तितकं बिघडतं. अशा वेळी एका हाताने बूम बाहेर ढकलायची आणि दांडाही त्याच दिशेला ढकलून धरायचा. होडी मागे सरकत सरकत तिरपी होते. मग दोन्ही आत ओढायचे की शिडात वारा भरतो. ढकल-ढकल, ओढ-ओढ. हे पोरांना लगेच आवडलं. फसल्याशिवाय वापरता येत नाही म्हणून काहीजण मुद्दाम फसायला गेले.

जाइब त्याच्या उलट. होडी वाऱ्याबरोबर चाललेली असते आणि फिरते ती पाठ, नाक नाही. होडीचा मागचा भाग वाऱ्याच्या आरपार जातो. आपल्याकडे म्हण आहे, वारा येईल तशी पाठ द्यावी. मी सांगितलं, तोंड वाऱ्यातून फिरवलं तर टॅक, पाठ फिरवली तर जाइब. इथवर छान चाललं होतं. पण त्या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग ‘जी’ने सुरू होतं, तेव्हा फळ्यावरून वाचून एकाने मोठ्याने विचारलं, “मॅडम, ये गायब में कौन गायब होता है?” पुढची दहा मिनिटं मला पुन्हा वर्ग हाती घेता आला नाही. (त्यात इंग्रजीत दोरीला ‘शीट’ म्हणतात. शीट म्हणजे शीड नाही, शिडाची दोरी. मराठी पोरांना हे सांगणं म्हणजे शिक्षाच आहे, त्यांना नाही, मला.)

प्रश्न मात्र बरोबर होता. टॅक करताना शीड वाऱ्यात रिकामं होऊन सरकतं, बूम सावकाश जाते. जाइब करताना शीड भरलेलंच असतं. वाऱ्याबरोबर जाताना बूम होडीच्या बाहेर जवळजवळ काटकोनात उघडलेली असते. पाठ वाऱ्यातून गेली की वारा शिडाच्या दुसऱ्या अंगाला धरतो आणि बूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जवळपास अर्धं वर्तुळ, एका झटक्यात जाते. वाटेत डोकं असलं तर डोक्यासकट. म्हणून आधी दोरी ओढून बूम आत घ्यायची, मग दांडा स्वतःकडे, डोकं खाली, बूम पलीकडे जाताच दोरी सोडायची आणि दांडा लगेच सरळ करायचा. तो सरळ केला नाही तर होडी फिरतच राहते.

हे सगळं मी नीट सांगितलं. चुकले त्याच्या पुढे.

शर्यतीत दोन होड्या समोरासमोर आल्या तर वाट कुणी द्यायची याचा नियम आहे, नियमपुस्तकात दहावा. वारा ज्या होडीच्या उजव्या अंगावर येतो ती स्टारबोर्ड टॅकवर, डाव्या अंगावर येतो ती पोर्ट टॅकवर. पोर्टवाल्याने वाट द्यायची. स्टारबोर्डवाला आपला हक्क सांगायला ‘स्टारबोर्ड!’ असं ओरडतो. इथे ‘टॅक’ म्हणजे वळणं नव्हे, होडी आत्ता ज्या स्थितीत आहे ती स्थिती. जुन्या जहाजांवर शिडाचा खालचा कोपरा वाऱ्याच्या बाजूला बांधून ठेवणाऱ्या दोराला टॅक म्हणत, त्यावरून कोपऱ्याचं, स्थितीचं आणि वळणाचं, तिन्हींचं नाव एकच पडलं. पण हे सांगायला वेळ नव्हता. शर्यतीचा भोंगा व्हायचा होता, पोरं अस्वस्थ, डबे उघडायला लागलेले. बारा नंबरवाल्याने विचारलं, “मावशी, स्टारबोर्ड म्हणजे नक्की काय?” आणि मी म्हटलं, “उजवी बाजू रे, बस. उजवा हात. एवढं लक्षात ठेव.”

खोटं नव्हतं ते. पण एखादं पोर तेवढंच लक्षात ठेवेल हा विचार माझ्या मनात आला नाही.

पहिली फेरी वर, फुग्याकडे. बारा नंबर पोर्ट टॅकवर होता. वारा त्याच्या डाव्या अंगावर, तो वर उजवीकडे तिरपा चाललेला. त्याच्या उजवीकडून सात नंबरची मुलगी आली, स्टारबोर्ड टॅकवर, वर डावीकडे तिरपी. दोघांच्या वाटा पुढे एकमेकींना कापणार हे काठावरूनही दिसत होतं. सात नंबर ओरडली, “स्टारबोर्ड!” बारा नंबरने हात उचलून मला दाखवला, उजवा, आणि होडी झटकन उजवीकडे वळवली. तिचं नाक वाऱ्यापासून खाली पडलं आणि ती सात नंबरच्या पाठीमागून सुबक निघून गेली. काठावर टाळ्या. आजी म्हणाल्या, “हुशार आहे हो पोरगा.” मीही म्हटलं, “एकदम बरोबर!”

बरोबरच होतं. पोर्ट टॅकवर वर चढताना दुसऱ्याच्या मागून जायचं तर उजवीकडेच वळावं लागतं. तो ते हाकेचा हुकूम पाळायचा म्हणून करत होता, हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं टळलं असतं. त्याच्या लेखी सात नंबर म्हणत होती, “उजवीकडे वळ!” ती म्हणत होती, “माझा वारा उजवीकडून आहे.”

फुग्याला वळसा घालून होड्या वाऱ्याबरोबर खाली यायला लागल्या. बूम बाहेर उघडलेल्या, शिडं पोट फुगवलेली, सगळं अचानक शांत. बारा नंबरचा वारा आता मागून, डाव्या अंगाने येत होता, म्हणजे तो अजूनही पोर्ट टॅकवरच. शीड उजवीकडे बाहेर, तो स्वतः डावीकडे बसलेला. सात नंबर त्याच्या डाव्या हाताला, स्टारबोर्ड टॅकवर, तिरपी त्याच्याच पुढ्यात येत असलेली. पुन्हा हाक, “स्टारबोर्ड!” पुन्हा यानेच वाट द्यायची.

आणि पोराने पुन्हा उजवा हात काढला.

या वेळी पाहिजे होतं डावीकडे. डावीकडे वळला असता तर सात नंबरच्या मागून वाऱ्याकडे थोडा चढत निघून गेला असता, शीड होतं त्याच बाजूला राहिलं असतं. त्याने दांडा स्वतःकडे ओढला, होडी उजवीकडे वळली आणि तिची पाठ वाऱ्यातून गेली. न मागता झालेला जाइब. एक खूण असते तेव्हा. बूम सुटण्याच्या क्षणभर आधी हातातली दोरी ढिली पडते, बूमचं टोक जरा उचलल्यासारखं होतं. मला काठावरून ते टोक उचललेलं दिसलं. मी “डोकं!” म्हणून ओरडले, मराठीतच, भोंगा हातात असून तोंडाशी न धरता.

डोकं वाचलं, वाकण्याची सवय सकाळीच लागलेली होती. पण पूर्ण सोडलेली दोरी, भरलेलं शीड, बूम उजव्या टोकाकडून डाव्या टोकाला आली आणि तो डावीकडेच बसलेला. म्हणजे शीड, वारा आणि पोर, तिघेही एकाच बाजूला. दांडा अजून ओढलेलाच, होडी फिरतेच आहे. ती इतक्या निवांतपणे कलंडली की आधी कुणाला काही वाटलंच नाही.

पुढचं त्याने छान केलं. डोकं वर, होडीला धरून पलीकडे पोहत गेला, बाहेर आलेल्या फळीवर पाय देऊन उभा राहिला, आणि आपल्या वजनाने होडी सरळ केली. सुरक्षा बोट शेजारी येऊन थांबली, पण तिला हात लावावा लागला नाही. मग कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनने सहा-सात मिनिटं पाणी उपसत बसला. फेब्रुवारीतलं तिघऱ्याचं पाणी, दात वाजत होते ते काठावरून ऐकू आले असं आजी म्हणतात, त्याकडे मी दुर्लक्ष केलं.

टॉवेल गुंडाळून आला तेव्हा तक्रार त्याचीच. “मावशी, मी तिचं ऐकलं तरी पडलो. मग वर असताना कसं जमलं?”

कुणी कुणाचा नियम मोडला होता का? नाही. सात नंबरला आपली वाट बदलावी लागली नव्हती, धक्का लागला नव्हता. दंड असता तर त्याला दोन गिरक्या घ्याव्या लागल्या असत्या, प्रत्येकीत एक टॅक आणि एक जाइब. ते ऐकून तो म्हणाला, “जाइब नको.”

मी वाळूत काडीने दोन्ही चित्रं काढली. वर जाताना, खाली येताना, दोन होड्या, एक बाण वाऱ्याचा. हाक एकच, पण वाट देण्यासाठी एकदा उजवीकडे वळायचं, एकदा डावीकडे. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे ती माझ्याबद्दल बोलतच नाहीये. स्वतःबद्दल सांगतेय.” हो. सकाळी मी हेच सांगायला हवं होतं.

त्याला वाईट वाटू नये म्हणून मी एक जुनी गोष्ट सांगितली. जहाजाच्या डाव्या बाजूला इंग्रज पूर्वी ‘लारबोर्ड’ म्हणायचे. स्टारबोर्ड, लारबोर्ड. वादळात ओरडून सांगितलं तर काय ऐकू येणार? अखेर १८४४ साली त्यांच्या नौदलाने हुकूम काढला, लारबोर्ड बंद, आता पोर्ट म्हणा. “इतकी वर्षं त्यांना सुचलं नाही?” पोराने विचारलं. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

रात्री घरी आल्यावर एक युक्ती आठवली. शर्यतीच्या होड्यांवर कधीकधी बूमवरच लिहिलेलं असतं. स्टारबोर्ड टॅकवर असताना शीड डावीकडे असतं, आपण उजवीकडे बसलेलो असतो, तेव्हा बूमची फक्त उजवी बाजू डोळ्यांसमोर येते. पोर्ट टॅकवर डावी. म्हणजे उजव्या बाजूवर लिहिलेलं फक्त स्टारबोर्डवाल्यालाच दिसणार. काही पाठ करायला नको, हात ओळखायला नको, वाराच योग्य पान उघडून समोर धरतो.

रविवारी सकाळी हिरवी आणि लाल चिकटपट्टी घेऊन गेले. उजवीकडे हिरवी, डावीकडे लाल, जहाजांच्या दिव्यांचे रंगही तसेच असतात. लिहायचं काय यावर आजींशी चर्चा झाली. मी ‘हक्क तुझा’ आणि ‘वाट दे’ म्हणत होते. आजी म्हणाल्या, “निम्म्या पोरांना मराठी येत नाही. हिंदीत लिही. आणि जरा अदबीने लिही.” मग त्यांनीच मार्कर घेतला आणि आपल्या शाळेतल्या बाईंच्या वळणदार अक्षरात बारा नंबरच्या बूमवर हिरव्यावर लिहिलं ‘पहले मैं’, लालवर लिहिलं ‘पहले आप’.

दुसऱ्या फेरीला, फुग्याच्या खाली, सात आणि बारा पुन्हा समोरासमोर आले. दोघंही वर चढत होते. ती ओरडली, “स्टारबोर्ड!” त्याने हात बघितला नाही, बूमकडे बघितलं. लाल. दांडा ओढून तो तिच्या मागे उतरला आणि जाता जाता अख्ख्या तलावाला ऐकू जाईल असं ओरडला, “पहले आप!”

खाली येताना तो जरा लांबच राहिला. जाइब केला, पण दोरी आधी आत ओढून, आणि आजींनी तोपर्यंत डोळे मिटलेले होते.